गोंदेश्वरात कॅमेरा लावायचा तर

सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीतलं संरक्षित स्मारक आहे. तिथे सिनेमाचं चित्रण करायचं तर परवाना काढावा लागतो आणि त्या परवान्याच्या अटी १९५९ सालच्या नियमांमध्ये दिलेल्या आहेत. जनरेटर स्मारकापासून दूर ठेवायचा. स्मारकाच्या कोणत्याही भागाला पाणी, तेल, ग्रीस असलं काही लावायचं नाही. तिथे रीतसर आलेल्या माणसांच्या वावराला अडथळा करायचा नाही. शिवाय छपराखालच्या भागात चित्रण करायचं नाही, म्हणजे गाभारा, सभामंडप, नंदीमंडप हे सगळं बाद.

वकिलाला यात चार अटी दिसतील. सेटवरच्या माणसाला तीन माणसं दिसतात. जनरेटरची अट गॅफरच्या वाट्याला येते, तेलाची की ग्रिपच्या आणि माणसांच्या वावराची फर्स्ट असिस्टंट डायरेक्टरच्या, म्हणजे सेटवरच्या भाषेत ‘फर्स्ट एडी’च्या. छपराची अट मात्र तिघांनाही पुरून उरते. सिनेमा संपल्यावर पडद्यावर सरकत जाणाऱ्या यादीत ही तीन नावं असतात आणि तोवर आपण खुर्चीखाली चप्पल शोधत असतो. ही माणसं करतात काय, हे समजून घ्यायला गोंदेश्वरासारखी जागा फार सोयीची, कारण इथे प्रत्येकाच्या कामाची कोंडी होते आणि कोंडी झाली की काम उघड दिसतं.

आपण एक प्रसंग कल्पू. डिसेंबरच्या मध्याचा दिवस. एक म्हातारी आई आणि शहरातून आलेला मुलगा सकाळी देवळात येतात, नंदीमंडपापासून मुख्य मंदिराकडे चालत जातात, पायऱ्यांशी बसतात आणि घर विकायचं की नाही यावर बोलतात. पटकथेत एवढंच लिहिलेलं आहे: ‘बाह्य. मंदिर. सकाळ.’ पडद्यावर हा प्रसंग चार मिनिटांचा. चित्रणाला पूर्ण दिवस लागणार. म्हणजे पडद्यावरची सकाळ संध्याकाळी पाचपर्यंत टिकवून धरायची आहे.

याचा पहिला विचार फर्स्ट एडी करतो, आणि तोही चित्रणाच्या कितीतरी दिवस आधी. या पदाबद्दल एक गैरसमज पक्का आहे. सहायक दिग्दर्शक म्हणजे उद्याचा दिग्दर्शक, दिग्दर्शकाच्या शेजारी बसून कला शिकणारा शिष्य, असं लोकांना वाटतं. मराठीत काम करणाऱ्या कित्येकांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण फर्स्ट एडीचं मूळ काम कलेचं नाही, वेळेचं आहे. तो पटकथा हाती घेऊन प्रत्येक पानाचे आठ भाग पाडतो, कोणत्या प्रसंगाला किती अष्टमांश पानं, कोण नट, कोणती वस्तू, किती माणसांची गर्दी, कोणती वेळ, हे सगळं वेगळं काढतो आणि त्यातून दिवसांची मांडणी करतो. कथेत जे आधी येतं ते आधी चित्रित होत नाही. जे एका जागी, एका उजेडात, एका नटाच्या मोकळ्या तारखांत बसतं ते एकत्र येतं.

गोंदेश्वरासाठी त्याला आधी दिशा पाहावी लागते. मुख्य मंदिर पूर्वाभिमुख आहे. उंच ओट्यावर मधोमध शिवाचं मंदिर, चार कोपऱ्यांना चार लहान देवळं आणि समोर नंदीमंडप, अशी ही यादवकालीन पंचायतन रचना. पूर्वेकडे तोंड असलेल्या भिंतीवर ऊन फक्त सूर्य माथ्यावर येईपर्यंत राहतं. आता सिन्नर ७४ रेखांशाच्या आसपास आहे आणि आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर चालतं, त्यामुळे इथे सूर्य डिसेंबरात माथ्यावर येतो तो बाराला नाही, साडेबाराला. तोही पूर्ण माथ्यावर नाही. दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर. सूर्योदय सातच्या सुमारास. म्हणजे दर्शनी बाजूला ऊन सात ते साडेबारा. त्यातही अकरानंतर ते भिंतीला घासून जातं, शिल्पांच्या सावल्या लांबट आणि कर्कश होतात. उपयोगाचे तास उरले चार.

त्यात वार पाहायचा. सोमवारी शंकराच्या देवळात चित्रण ठेवणारा एडी एकतर नवखा असतो किंवा परदेशातून आलेला. भाविकांना अडवायचं नाही ही अट आहेच. पण अट नसती तरी सोमवारी प्रत्येक टेकमध्ये घंटा वाजली असती. आणखी एक अडचण अशी की स्मारक सूर्योदयाला उघडतं आणि सूर्यास्ताला बंद होतं. स्टुडिओत पहाटे चारला येऊन मांडामांड करता येते, इथे तसं नाही. ऊन आणि कामगार एकाच दारातून एकाच वेळी आत येणार.

म्हणून एडी पहिला शॉट ठरवतो तो तिवईवरचा, लांबून घेतलेला, सबंध मंदिर दाखवणारा. त्याला उजेड सूर्याचा आणि कॅमेरा स्थिर. तासाभराची मांडणी लागत नाही. मात्र त्या शॉटमध्ये सगळं आवार दिसत असल्यामुळे दुसऱ्या शॉटची तयारी त्या वेळी आवारात करता येणार नाही. दुसरा महत्त्वाचा शॉट आहे आई आणि मुलगा चालत असताना त्यांच्या बाजूने सरकणारा कॅमेरा. त्याला रूळ लागतात. इथे एडी की ग्रिपला विचारतो, “दादा, ट्रॅकला किती वेळ?” उत्तर येतं, “चाळीस मिनिटं, पण जोडून आणू दिलेत तर वीस.” या एका वाक्यावर सकाळ ठरते. रुळाचे तुकडे दाराबाहेर जोडून, लाकडी पाचरी मापाप्रमाणे लावून तयार ठेवायचे. पहिला शॉट झाला की आत आणायचे. रूळ बसवेपर्यंत ओट्याच्या दक्षिण कडेला कॅमेरा नेऊन आईच्या पावलांचा एक क्लोजअप उरकायचा. चांगल्या एडीला असा खिशातला शॉट नेहमी हाताशी लागतो.

आता की ग्रिपकडे वळू. ग्रिप विभागाचा हा प्रमुख. कॅमेरा ज्याच्यावर उभा राहतो, सरकतो, उचलला जातो ते सगळं त्याचं: रूळ, ट्रॉली, क्रेन, गाडीला कॅमेरा बांधण्याची चौकट. अमेरिकेत याच्याकडे आणखी एक मोठं काम असतं. दिव्याला वीज देणं हे गॅफरचं, पण त्या दिव्यासमोर किंवा सूर्यासमोर जे काही धरायचं, म्हणजे कापडी पडदे, काळ्या पाट्या, जाळ्या, ते सगळं ग्रिपचं. ब्रिटनमध्ये तसं नाही. तिथे उजेडाशी संबंधित सगळं गॅफरकडे, ग्रिप फक्त कॅमेऱ्याचा. मुंबईची पद्धत बरीचशी ब्रिटिश वळणाची. कटर, स्किमर, थर्माकोल हे आपल्याकडे लाइटदादा धरतात; रूळ, ट्रॉली आणि क्रेन बहुतेक वेळा सामान पुरवणाऱ्याकडूनच आपल्या माणसांसकट येतात. त्यामुळे मराठी सिनेमाच्या श्रेयनामावलीत ‘की ग्रिप’ हे पद कधी दिसतं, कधी नाही. जाहिरातपटांत आणि परदेशी निर्मितीत दिसतं. काम मात्र कुणीतरी करतच असतं.

गोंदेश्वराचा ओटा दगडी, शेकडो वर्षं पावलांनी झिजलेला. असा दगड डोळ्यांना सपाट दिसतो, रुळाला दिसत नाही. ग्रिप आधी रुळाच्या वाटेवरचा सर्वांत उंच बिंदू शोधतो आणि बाकी सगळं त्या उंचीला आणतो, कारण दगड खाली करता येत नाही, रूळच वर उचलावा लागतो. मग पाणसळ. लांबीच्या दिशेने रूळ किंचित चढा असला तर चालतो, कुणाला कळत नाही. पण डावा रूळ उजव्यापेक्षा चार मिलिमीटर वर गेला की कॅमेरा कलतो, आणि मागे सरळ उभा खांब असेल तर तो पडद्यावर डुलताना दिसतो. मागे मंदिर असल्यामुळे इथे सगळ्या चौकटीत उभ्या रेषाच रेषा आहेत. रूळ नीट बसला की नाही हे ओळखायची त्याची रीत साधी आहे: ट्रॉलीवर कॅमेऱ्याइतकं वजन ठेवून ती हळूहळू ढकलायची आणि सांध्यांकडे पाहायचं. जिथे पाचर सैल आहे तिथे रूळ दबतो, चाक पुढे गेलं की वर येतो. तो धक्का हाताला जेमतेम जाणवतो. दूरच्या भिंगातून पाहिलं तर चौकट थरथरते.

रूळ करकरायला लागला तर ग्रिप एरवी चाकांवर सिलिकोनचा फवारा मारतात किंवा रुळावर टाल्कम पावडर भुरभुरवतात. इथे पहिला उपाय सरळ अटीत अडकतो. एक थेंब दगडावर पडला तरी तो दगड शोषून घेतो. म्हणून रुळाखाली रबरी पट्ट्या, त्यांच्याखाली प्लायवुड, आणि चाकं बाहेरच पुसून आणलेली. प्लायवुडचं दुसरंही काम असतं. ट्रॉली, कॅमेरा, कॅमेरामन आणि फोकस पुलर मिळून अडीचशे-तीनशे किलो सहज होतात. ते वजन दोन पाचरींच्या टोकांवर न येता पसरून यायला हवं.

आठ वाजून चाळीस मिनिटांनी ट्रॅक तयार, पावणेदहापर्यंत चालण्याचे सगळे टेक पूर्ण. या काळात गॅफर काय करत होता? वरवर पाहता काहीच नाही. उजेड सूर्याचा आहे, त्याने फक्त दोन थर्माकोलच्या पाट्या धरायला लावल्या, आईच्या चेहऱ्याच्या सावलीतल्या बाजूला थोडा उजेड परत फेकायला. सिनेमाचा आपल्याकडचा आरंभ याच तंत्राने झाला. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी फाळके सूर्यप्रकाशातच चित्रण करत, सरस्वतीबाई पांढऱ्या चादरी धरून उन्हात उभ्या राहत, असं त्यांच्याविषयी सांगितलं जातं. त्याच साली फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला, सिन्नरहून जेमतेम तीस किलोमीटरवर. तेव्हा गॅफर, ग्रिप आणि एडी ही तिन्ही कामं एका घरातच होत होती.

आपला गॅफर मात्र सकाळभर दुपारची तयारी करत होता. तो प्रकाशयोजनेचा मुख्य कारागीर. छायालेखक सांगतो, “तिच्या चेहऱ्यावर सकाळचं ऊन हवं.” ते ऊन कुठल्या दिव्याने, कुठून, किती उंचीवरून, किती वीज खर्चून आणायचं हे गॅफर ठरवतो. त्याच्या हाताखालच्या दादांना तो सहसा इशाऱ्यांनीच सांगतो. छायालेखक आणि गॅफर यांची जोडी वर्षानुवर्षं टिकते ती यामुळेच. निम्मं बोलणं न बोलता होतं.

दुपारचा प्रश्न असा. साडेबारानंतर मंदिराची सावली पूर्वेला, म्हणजे पायऱ्यांसमोरच्या ओट्यावर पडायला लागते. आई-मुलगा तिथेच बसून बोलतात. सकाळच्या लांबच्या शॉटमध्ये त्यांच्यावर ऊन आहे, दुपारी क्लोजअपमध्ये सावली. दोन्ही जोडले की प्रेक्षकाला काय चुकलं ते सांगता येणार नाही, पण काहीतरी चुकलं हे कळेल.

सूर्याशी दिव्याने लढायचं नसतं. उघड्या उन्हात एक लाख लक्सच्या आसपास प्रकाश असतो. मोकळ्या आकाशाखालच्या सावलीत त्याच्या साधारण दहावा हिस्सा. अठरा हजार वॅटचा एचएमआय दिवा उन्हाला हरवायला निघाला तर त्याची दमछाक होते. पण सावलीला तो आरामात हरवतो. कॅमेरा सावलीनुसार उघडला की त्या दिव्याचा उजेडच ऊन म्हणून दिसतो. अट एकच: चौकटीत खरं ऊन पडलेला भाग दिसता कामा नये, नाहीतर तो पांढराफटक होईल. मग गॅफर एडीला सांगतो, “अडीचनंतर क्लोजअप घ्या, कॅमेरा देवळाकडे तोंड करून. नंदीकडे वळवू नका, तिकडे ऊन असेल.” एडी त्याप्रमाणे क्रम लावतो: नंदीकडे पाहणारे शॉट दुपारच्या आत, देवळाकडे पाहणारे क्लोजअप नंतर. उजेडाचं गणित असं थेट वेळापत्रकात उतरतं. आपण पडद्यावर जे सलग संभाषण पाहतो त्यातल्या आईची वाक्यं सकाळी अकराची आणि मुलाची दुपारी साडेतीनची असू शकतात.

दिवा ठेवायचा कुठे? सकाळचं ऊन डिसेंबरात आग्नेयेकडून येत होतं, म्हणून दिवाही त्याच बाजूला, उंच स्टँडवर. अंतर महत्त्वाचं. दिवा पाच मीटरवरून दहा मीटरवर नेला की चेहऱ्यावरचा उजेड निम्मा नाही, पाव होतो. पण दिवा अगदी जवळ असेल तर आई जराशी पुढे झुकली तरी चेहरा उजळतो, मागे टेकली की मंदावतो. खऱ्या उन्हात असं कधी होत नाही. त्यामुळे गॅफर दिवा परवडेल तितका दूर नेतो आणि त्याची किंमत विजेत मोजतो.

आणि वीज आवाराबाहेरच्या जनरेटरमधून येणार. असे दोन दिवे लावायचे आहेत. एकेक दिवा बॅलास्टच्या घटीसकट २३० व्होल्टवर ८५ ते ९० अँपिअर ओढतो. १२५ केव्हीएचा तीन फेजचा जनरेटर प्रत्येक फेजवर साधारण १७४ अँपिअर देतो. कुणी घाईत दोन्ही दिवे एकाच फेजवर जोडले तर भार १७५ च्या पुढेही जाऊ शकतो. पहिला दिवा नीट लागतो, दुसरा लागतो, आणि ऐन टेकमध्ये ब्रेकर पडतो, तर बाकीचे दोन फेज रिकामे बसलेले. म्हणून एक दिवा एका फेजवर, दुसरा दुसऱ्यावर, आणि मेकअप, मॉनिटर, चहाची किटली वगैरे तिसऱ्यावर.

मग केबलची लांबी. जनरेटर शंभर मीटरवर आहे. वीज जाते शंभर मीटर आणि परत येते शंभर. २५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये एवढ्या प्रवाहाला सुमारे १३ व्होल्ट वाटेत गळतात आणि हजारभर वॅट उष्णता होऊन केबलमध्येच राहतात. ७० चौरस मिलिमीटरची घेतली तर गळती पाचेक व्होल्टवर येते. जाड केबल जड असते, ओढायला माणसं जास्त लागतात, म्हणून बारकी लावायचा मोह होतोच. अनुभवी गॅफर दिव्याच्या टोकाशी मीटर लावून पाहतो, जोडांना हाताच्या पाठीने चाचपतो आणि उरलेली केबल कधीही गुंडाळून ठेवू देत नाही. वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण वितळतं. शिवाय हे सगळं भाविकांच्या वाटेवरून जाणार. तिथे केबलवर रबरी झाकण घालायचं गॅफरने, आणि तिथे माणूस उभा करायचा एडीने.

दिवसातली सर्वांत अवघड वेळ मात्र दिव्यांची नव्हती. अकरा ते सव्वाबारा, आई आणि मुलगा एकत्र दिसणारा शॉट, डोक्यावर तीव्र ऊन. ते मऊ करायला बारा फूट बाय बारा फुटांची चौकट, तिच्यावर पातळ रेशमी कापड ताणलेलं, दोन उंच स्टँडवर. हे काम आपल्याकडे लाइटदादांचं, अमेरिकन पद्धतीत की ग्रिपचं. कुणाचंही असो, धोका तोच. हे कापड म्हणजे साडेतेरा चौरस मीटरचं शीड आहे. वारा ताशी वीस किलोमीटर असला तर त्यावर सुमारे २५ किलोचा जोर येतो. वारा चाळीसवर गेला की जोर पन्नास होत नाही, शंभर होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. आणि हा जोर पायाशी नाही, चार मीटर उंचीवर लागतो. खाली ठेवलेल्या वाळूच्या गोण्या त्या तरफेपुढे फार काळ टिकत नाहीत. म्हणून चौकटीच्या वरच्या कोपऱ्यांपासून दोऱ्या तिरप्या खाली आणून ताणाव्या लागतात. एरवी त्या खुंट्या ठोकून बांधतात. इथे जमिनीत खुंटी नाही आणि खांबाला दोरी तर अजिबात नाही. मग पाण्याने भरलेली पिंपं दूर ठेवून दोऱ्या त्यांना, आणि प्रत्येक दोरीपाशी एक माणूस.

सिन्नरच्या मोकळ्या पठारावर वारा दुपारकडे वाढत जातो. पावणेबाराला कापड फडफडायला लागतं. आधी आवाज येतो, मग कोपऱ्यातली दोरी सैल-घट्ट होऊ लागते. हे दुसरं लक्षण दिसलं की थांबायचं. चौकट उतरवा, असं म्हणायचा अधिकार ती चौकट उभी करणाऱ्याचा आहे, आणि ते ऐकून चित्रण थांबवायची जबाबदारी फर्स्ट एडीची. दिग्दर्शक म्हणेल, “एकच टेक.” नट म्हणेल, “मी तयार आहे.” सेटवर सुरक्षेबाबत शेवटचा शब्द एडीचा असायला हवा. आपल्याकडे तो नेहमी असतो असं मी म्हणणार नाही. निर्मात्याच्या एका नजरेने विरघळणारे एडी पुष्कळ आहेत. पण एडी कसा आहे हे पाहायचं तर ॲक्शन म्हणतानाचा त्याचा आवाज ऐकू नये, वाऱ्याच्या वेळी तो काय करतो ते पाहावं.

आपला एडी थांबवतो. चौकट खाली येते, जेवणाची सुट्टी अर्धा तास आधी जाहीर होते आणि त्या शॉटचे राहिलेले दोन टेक तो दुपारच्या सावलीत, गॅफरच्या दिव्यांवर टाकतो. गॅफर कुरकुरतो, कारण दोघांना एकत्र उजळायला दिवा आणखी मागे न्यावा लागणार. छायालेखक दृश्याची चौकट थोडी आवळून द्यायला तयार होतो. या तडजोडीला पाच मिनिटं लागली. वाऱ्याची वाट पाहण्यात तास गेला असता.

अडीच ते साडेचार क्लोजअप. चार वाजल्यापासून एडीचं लक्ष घड्याळाकडे. सूर्यास्त सहाला दहा-पाच मिनिटं कमी असताना, आणि तोवर आवार रिकामं हवं. म्हणजे शेवटचा टेक पाचच्या आत. एचएमआय दिवे बंद करून लगेच उचलता येत नाहीत, थंड व्हावे लागतात, म्हणून गॅफर साडेचारलाच एक दिवा सोडून देण्याची परवानगी मागतो. ग्रिपची माणसं तोवर रूळ सुटे करून, प्लायवुड उचलून, दगडावर कुठे डाग नाही ना हे बघून घेतात; त्यांच्याबरोबर स्मारकाचा कर्मचारीही बघतो. केबल सर्वांत शेवटी निघते.

पॅकअपनंतर दिवसाचा अहवाल भरला जातो: नऊ शॉट ठरले होते, आठ झाले, पश्चिमेकडच्या भिंतीचा संध्याकाळचा राहिला, जनरेटर किती तास चालला, वाऱ्यामुळे काम किती वेळ थांबलं. मग फर्स्ट एडी दुसऱ्या दिवसाची कॉल शीट काढतो. राहिलेला शॉट उद्या संध्याकाळी चारला. ग्रिपला पुन्हा सूर्योदयाची वेळ. गॅफरची माणसं आज केबल गोळा करून शेवटी निघाली, म्हणून त्यांची उद्याची हजेरी साडेसहाऐवजी साडेआठला.